रोस्टला प्रेक्षक म्हणून बसताना हसायचं कधी, 'आई गं' करायचं कधी आणि टाळी कुठं आवरायची?

भडंगप्रेमी, विश्रामबाग

नमस्कार मंडळी. आमची शाळेची बॅच दरवर्षी दिवाळीनंतर सांगलीत भेटते. आधी गाणी, अंताक्षरी, फनी गेम्स असं असायचं, गेल्या वर्षीपासून कुणीतरी रोस्टचं खूळ आणलं. एका मित्राला मधे खुर्चीत बसवलं आणि चार-पाच जणांनी माईकवर येऊन त्याची काढली. सुरुवात झकास झाली. त्याचं गणपती पेठेत दुकान आहे, त्यावर पहिल्याच रोस्टरनं "दुकानात उधारी बंदची पाटी लावलीय आणि समोरच्या चहावाल्याकडं याचंच खातं शिमग्यापासून थकलंय" असं टाकलं, तो स्वतः खुर्चीतून पडेपर्यंत हसला. मग टक्कल झालं, मग पोल्ट्री बुडाली त्यावर एक झालं, तिथं "ओऽऽ" असा मोठा आवाज आला आणि पाठोपाठ टाळ्या. आणि त्यानंतरचा जोक थेट त्याच्या बायकोच्या वजनावर. ती दुसऱ्या रांगेत बसली होती, तिला यातलं काही माहीत पण नव्हतं, ती जेवायला म्हणून आली होती. मागच्या टेबलावरून कडक शिट्टी आली. आणि मग माईकवाल्यानं तिच्यावरच अजून तीन-चार टाकले. ती मान खाली घालून मोबाईल बघत होती. मित्र हसतच होता, पण ते हसू मला बरं वाटलं नाही.

रोस्टरला काय सांगायचं ते आम्ही बघतोय. माझा प्रश्न खाली बसणाऱ्यांचा आहे. यंदा आमच्या एका मैत्रिणीचा रोस्ट आहे, ती स्वतः तयार आहे, उलट तिनंच हट्ट धरलाय. पण शंभरेक माणसं खाली बसून काय करतात यावर ती संध्याकाळ कुठं जाणार ते ठरतं असं मला वाटतं. तर कुठं हसावं, कुठं नको, नक्की कसं वागावं?

वाळव्याचा_पाटील

ताई, चांगला विषय काढला. मी येत्या मे मध्ये बँकेतून रिटायर होतोय आणि आमच्या ब्रँचची पोरं म्हणतायत साहेब तुमचा रोस्ट करायचा. मला चार जोक लिहून द्या कुणीतरी, मॅनेजरवर पण पाहिजेत एक-दोन.

रंगपटवाला

पाटील साहेब, जोकचं नंतर बघू, ताईंचा प्रश्न खाली बसणाऱ्यांचा आहे. मी सांगली-मिरज-कोल्हापूर लाईटचं काम करतो, नाटक, ऑर्केस्ट्रा, आणि आता चार-पाच वर्षं स्टँडअपचे शो पण, दोन-तीनदा पुण्याला ओपन माईकला स्वतः उभा राहिलोय. त्यामुळं दोन्ही बाजूनं सांगतो.

पहिली गोष्ट, स्टेजवरच्या माणसाला तुम्ही दिसत नाही. समोरचे लाईट डोळ्यात असतात, पहिली रांग दिसते, फार तर दुसरी, त्याच्यामागं सगळा काळोख. तुमच्या मित्राची बायको दुसऱ्या रांगेत कडेला असेल तर तिची खाली गेलेली मान त्याला दिसलीच नसणार. त्याला फक्त कान असतात. आणि कानाला तीनच गोष्टी कळतात, हसण्याचा आवाज, टाळी-शिट्टी, आणि शांतता. हसलं की तो त्याच जोकला एक शेपूट लावतो, म्हणजे तेच चित्र अजून थोडं ताणतो, आणि हसणं उतरायला लागलं की पुढं जातो. पण टाळी किंवा शिट्टी आली की तो विषयच धरून ठेवतो, कारण त्याला वाटतं सभागृहाला हाच माल पाहिजे. तुमच्याकडं नेमकं हेच झालंय. पोल्ट्रीवर टाळी मिळाली म्हणून तो जखमेच्या बाजूला सरकला, बायकोवर शिट्टी मिळाली म्हणून तिथंच बसला. शिट्टी मारणाऱ्यानं हे ठरवून केलं असेल असं नाही, पण माईकवाल्याला त्याचा अर्थ "अजून टाक" असाच कळतो.

म्हणून माझं म्हणणं असं की हसण्यावर कुणी ताबा ठेवू नये, तो ठेवता पण येत नाही, वाईट जोकलाही माणूस फसकन हसतोच. टाळी वाजवायला मात्र हात उचलावा लागतो, शिट्टीला बोटं तोंडात घालावी लागतात. तिथं एक क्षण असतो. तेवढ्या क्षणात बघायचं की मार कुणाला बसला, खुर्चीतल्या माणसाला की खाली बसलेल्या कुणाला.

मिरजकर_तबला

रंगपटवाले बरोबर बोलतात. मी संगतीला बसतो त्यामुळं दाद म्हणजे काय ते मला चांगलं माहितेय, दाद जिथं जाते तिथं कलाकार जातो. पण मी म्हणतो उपाय सोपा आहे. जोक हद्दीबाहेर गेला की सगळ्यांनी "ओऽऽ" नाहीतर "आई गं" करायचं, तो ब्रेक आहे. विव्हळल्यासारखा आवाज आला की माईकवाला समजतो आणि मागं फिरतो.

रंगपटवाला

मिरजकर, अर्धं बरोबर आहे. ब्रेक लागतो कधीकधी. २००१ चं उदाहरण प्रसिद्ध आहे, न्यूयॉर्कला फ्रायर्स क्लब या कॉमेडियन लोकांच्या क्लबनं 'प्लेबॉय' मासिकवाल्या ह्यू हेफनरचा रोस्ट ठेवला होता, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीन आठवडे पण झाले नव्हते, कॉमेडियन गिल्बर्ट गॉटफ्रीडनं विमानावर एक जोक टाकला की थेट फ्लाईट मिळाली नाही, मधे एम्पायर स्टेट बिल्डिंगला थांबायला लागणार आहे. सभागृह विव्हळलं, काहींनी हुर्यो केली, एकजण ओरडला की अजून फार लवकर आहे. गॉटफ्रीडनं तिथल्या तिथं तो विषय सोडला आणि नटमंडळींत पूर्वापार चालत आलेला एक जुना चावट किस्सा लांबवत लांबवत सांगितला, आणि तेच सभागृह लोळायला लागलं. म्हणजे खालच्या आवाजानं गाडी वळते हे खरं.

पण तिथं विव्हळण्याच्या मागं टाळी नव्हती. आपल्याकडं "ओऽऽ" झालं की लगेच हशा आणि टाळी येते. अशा "ओऽऽ"ला कॉमेडियन बक्षीस समजतो. बरेच जण त्याची वाट बघत असतात, त्याच्यावर ठेवणीतलं वाक्य पण तयार असतं, "थांबा, आत्ता कुठं सुरुवात आहे" टाईप. थांबवायचं असेल तर सगळ्यात जोरदार काय असतं माहितेय का, दोन-तीन सेकंद काहीच नाही. मी लाईटच्या टेबलावरून बघतो ना, शांतता झाली की स्टेजवरच्याचा हात लगेच कागदाकडं नाहीतर पाण्याच्या बाटलीकडं जातो. पुढचा जोक दुसऱ्याच विषयावर असतो.

दत्ता_आष्टेकर

हे जरा जास्तच होतंय राव. रोस्ट आहे, कीर्तन नाही. तिथं जायचं ते कडक ऐकायलाच. प्रत्येक जोकला हिशोब करत बसलो की हसणार कधी. ज्याला सोसत नाही त्यानं खुर्चीत बसू नये, सरळ हिशोब. आणि टाळी वाजवली म्हणजे मी त्या माणसाचा दुश्मन झालो का? मी लिहिणाऱ्याच्या डोक्याला टाळी देतो.

भडंगप्रेमी, विश्रामबाग

दत्ता, खुर्चीत बसलेल्यानं होकार दिला होता, मान्य. त्याच्या बायकोनं कुठं दिला होता? तिला तर खुर्ची पण मिळाली नाही आणि उत्तर द्यायला माईक पण नाही.

दत्ता_आष्टेकर

ते बरोबर आहे. बायकोचं मी पण चूकच म्हणतो. पण खुर्चीतल्यावर कितीही कडक चालतं, तिथं मला कुणी टाळी आवर म्हणू नये.

शुभदाकाकू_कवलापूर

मुलांनो, मी तुमच्यापेक्षा वयानं बरीच मोठी, रोस्ट हा शब्द नातवाकडून कळला, पण वस्तू काही नवी नाही. आमच्या गावचे काळू-बाळू, जुळे भाऊ, त्यांचा तमाशा मी लहानपणी चोरून बघितलाय. बतावणीत ते एकमेकांची अशी काढायचे की पोट दुखायचं. आणि कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपाँड असायचे, निनावी चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या आणि स्टेजवर वाचायच्या. त्या फिशपाँडमधे मी फार वाईट बघितलंय. चिठ्ठीवर नाव नाही, त्यामुळं लिहिणारा मोकळा, आणि अंधारात शिट्टी मारणारा पण मोकळा. एका सावळ्या मुलीवर दरवर्षी तीच चिठ्ठी यायची आणि दरवर्षी तीच हुल्लड. तिसऱ्या वर्षी ती गॅदरिंगला आलीच नाही. काळू-बाळूंना लोक हसायचे पण ते दोघं समोरासमोर उभे असायचे, एकानं टाकलं की दुसरा फिरवायचा. ज्याला फिरवायला जागाच ठेवली नाही त्याच्यावर टाळी वाजवू नये एवढं मला कळतं.

रंगपटवाला

काकू, सावळ्या रंगाचं बोललात म्हणून आठवलं. २०१६ ला अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी सिनेमाच्या प्रमोशनला हिंदीतल्या एका कॉमेडी शोला गेली होती, रोस्ट असतो असं सांगितलेलं. तिच्यावर जोक काय तर फक्त काळा रंग, पुन्हा पुन्हा तेच. ती उठून निघून गेली आणि नंतर फेसबुकवर लिहिलं की याला रोस्ट म्हणत नाहीत, हा छळ आहे. चॅनेलला माफी मागायला लागली. ती पण खुर्चीत बसायला तयार होऊनच आली होती. म्हणून दत्ता, होकार एकदा घेतला की सगळं चालतं हे मला पटत नाही. रोस्टमधे माणसानं जे केलंय, जे मिरवलंय, जे लपवायचा प्रयत्न करून पण सगळ्यांना माहितेय, त्यावर टाकतात. नुसत्या रंगावर टाकलं तर त्यात त्या माणसाची ओळख काही नाही, तो जोक कुठल्याही सावळ्या बाईवर चालला असता. प्रेक्षकाला हे ओळखणं सोपं आहे. खुर्चीत दुसरं कुणी बसवलं तरी जोक तसाच चालतोय का बघायचं, चालत असेल तर तो त्या माणसावर नाहीच.

बोलका_नील

मला वेगळं सांगायचं आहे. मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. ऑफिसमधे माझा रोस्ट झाला आणि अडखळण्यावर जोक करा असं मीच रोस्टरना सांगितलं होतं, कारण मी स्वतः रोज करतो. एकानं खरंच भारी लिहिलं होतं, "नीलनं प्रपोज करायला सुरुवात केली तेव्हा ती जुनिअर होती, वाक्य संपलं तेव्हा त्याची मॅनेजर होती." मी हसत होतो. आणि हॉलमधून काय आलं तर "अरेरेऽऽ". शंभर लोकांनी माझी कीव केली. जोकनं लागलं नाही तेवढं त्या आवाजानं लागलं, कारण त्या क्षणी मी त्यांच्यातला मित्र राहिलो नाही, बिचारा झालो.

दुसरं म्हणजे माना. जोक पडला की अख्खा हॉल मान वळवून खुर्चीकडं बघतो, याला लागलं का, हा रडतो का. त्यापेक्षा माईककडं बघा. मला काय वाटलं ते मी माझ्या पाळीला सांगणार आहे ना.

मिरजकर_तबला

नील, मग तुमच्याबाबतीत आम्ही करायचं काय? "आई गं" केलं तर कीव, गप्प बसलो तर नाराजी, टाळी दिली तर क्रूर. बसायचं कसं मग?

बोलका_नील

हसायचं. मी हसतोय हे दिसत होतं.

भडंगप्रेमी, विश्रामबाग

पण हेच तर अवघड आहे. माझा मित्र पण हसतच होता, आणि ते हसू खोटं होतं. समोर मोबाईल धरलेले असताना कोण तोंड पाडून बसेल. मग खरं आणि खोटं कसं ओळखायचं?

रंगपटवाला

ताई, चेहऱ्यावरून फार कळत नाही, पण वेळेवरून थोडं कळतं. खरं हसणारा माणूस जोक संपायच्या आतच फुटतो, त्याला शेवट आधी कळलेला असतो कारण गोष्ट त्याचीच आहे. खोटं हसणारा सगळ्यांच्या मागून हसतो, आधी हॉलचा आवाज ऐकतो मग तोंड उघडतो, आणि हॉल थांबला की त्याचं पण बटण बंद. खरं हसणारा खांदे सोडतो, मागं रेलतो, रोस्टरकडं बोट दाखवतो, "थांब तुला बघतो" म्हणतो. खोटं हसणाऱ्याचे हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट असतात. शंभर टक्के खात्री नाही, काही लोक लाजले तरी आखडतात.

आणि स्वतःला कळत नसेल तर त्याच्या जवळच्या लोकांचं टेबल बघा, नवरा, बहीण, लहानपणीची मैत्रीण. एकच जोक दोन माणसांवर घेऊन बघा. "सांगलीची हळद अख्ख्या देशाला लागते, फक्त आमच्या याला लागली नाही." खुर्चीत पन्नाशीचा ब्रह्मचारी आहे जो स्वतःच प्रत्येक लग्नात पंगतीत उभा राहून आपल्या नशिबावर बोलतो, तर त्याचं टेबल आधी "आई गंऽऽ" करणार, कारण कोटी फालतू आहे, आणि मग हसणार. तिथं मनसोक्त विव्हळा, तो आवाज जोक लिहिणाऱ्याकडं जातो, काय रे हे पाणचट म्हणून. आता तोच जोक अशा माणसावर टाका ज्याचा साखरपुडा गेल्या वर्षी मोडलाय. तुम्ही लांबचे आहात, तुम्हाला माहीत नाही, तुम्हाला हसू येणारच, त्यात तुमची काही चूक नाही. पण त्याच्या बहिणीचं टेबल गार पडलेलं दिसेल. ते दिसलं की तुमचं हसू आपोआप संपेल तिथं संपू द्या, त्याला टाळीनं वाढवू नका.

नीलचं उत्तर पण यातच आहे. "आई गं" जोककडं गेलं तर मजा, "अरेरे" माणसाकडं गेलं तर कीव.

दत्ता_आष्टेकर

हे टेबलाचं बरंय. पण एक सांगा, मला जोक खरंच घाण वाटला तर ओरडून सांगू का? गॉटफ्रीडला ओरडले म्हणता.

रंगपटवाला

मोठ्या शोमधे एखादा आवाज खपतो. आपल्या पन्नास-शंभर माणसांच्या हॉलमधे एकानं ओरडलं की पुढची दहा मिनिटं तो आणि माईकवाला यांचंच भांडण चालतं, आणि खुर्चीतला माणूस बाजूलाच राहतो. रोस्टमास्टर म्हणजे निवेदन करणारा जो असतो त्याला खूण करा, तो मधे घुसून पुढच्याला बोलावू शकतो, त्याचं कामच ते आहे. दुसरा एक प्रकार, खालून स्वतःचे जोक ओरडणारे. "अरे त्याचं ते कर्जाचं सांग!" तुम्हाला वाटतं मदत करतोय, पण रोस्टरनं जे मुद्दाम गाळलंय तेच तुम्ही भर हॉलमधे उघडं करता.

शुभदाकाकू_कवलापूर

आणि ते मोबाईलवर काढून ग्रुपवर टाकतात त्याचं काय? हॉलमधे हसले ते वेगळं, दुसऱ्या दिवशी चुलत सासऱ्यांच्या मोबाईलवर ते पोचतं ते वेगळं.

भडंगप्रेमी, विश्रामबाग

काकू, आमच्याकडं तेच झालं. सकाळी आठला बायकोवरचा तेवढाच तुकडा ग्रुपवर, शिट्टीसकट. आधी काय झालं, कोण हसलं, मित्र चहावाल्याच्या जोकला कसा लोळला, काही नाही त्यात.

मिरजकर_तबला

मुंबईच्या एआयबी या कॉमेडी ग्रुपच्या रोस्टचं तसंच झालेलं ना. डिसेंबर २०१४ ला वरळीला शो झाला, हॉलमधे सगळे हसले, ज्यांची काढली ते पण हसले. जानेवारीत व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि मग तक्रारी, एफआयआर, व्हिडिओ काढायला लागला.

दत्ता_आष्टेकर

त्यात ज्यांनी तक्रार केली त्यांनी बघायला नको होतं, हे माझं मत अजून तेच आहे. पण घरगुती कार्यक्रमात मोबाईल खिशात ठेवायला माझी हरकत नाही.

वाळव्याचा_पाटील

मी सगळं वाचलं. मला जोक नकोत आता, एक शंका आहे. माझ्या मिसेसला एक आजार झाला होता, आता बरी आहे. तो विषय नको असं पोरांना सांगायचंय. पण कार्यक्रमाच्या सुरुवातीला माईकवरून "अमुक विषय नको" असं जाहीर केलं तर चालेल का, म्हणजे प्रेक्षक पण त्यावर काही बोलणार नाहीत?

रंगपटवाला

साहेब, माईकवरून अजिबात नको. ज्याला माहीत नाही त्याला पण कळेल, आणि पुढचे दोन तास सगळे मिसेसकडंच बघत बसतील. यादी फक्त रोस्टरना आणि निवेदकाला, कागदावर, आधी चार दिवस. प्रेक्षकांना माईकवरून एवढंच सांगायचं की जो खुर्चीत किंवा स्टेजवर बसलाय त्याचीच काढली जाईल, घरची मंडळी पाहुणे आहेत. एवढ्यानं शिट्टीवाले सावध होतात. आणि जोक कडक असलेला चालतो, तुम्ही स्वतः मॅनेजरवर टाका, पण तो समोर बसलेला असू दे आणि त्याला उत्तराची पाळी असू दे.

वाळव्याचा_पाटील

मॅनेजर स्टेजवर बसेल का ते विचारतो. बदली होऊन नवीनच आलेत.

शुभदाकाकू_कवलापूर

नवीन माणसाला सोडा हो पाटील. त्याची ओळख झाल्याशिवाय त्याचं काय काढणार?

बोलका_नील

शेवटचं एक, हे कुणी बोललं नाही. खुर्चीतल्या माणसाची पाळी सगळ्यात शेवटी असते. तासभर ऐकून घेतल्यावर तो माईक घेतो आणि सगळ्यांना परत करतो, त्याचसाठी तो बसलेला असतो. माझ्या वेळी मी माईक घेतला तेव्हा निम्मे लोक जेवणाच्या लाईनीत होते, ताटांचा आवाज येत होता. आणि जे बसले होते त्यातले काहीजण मी अडखळलो की माझं वाक्य पुरं करत होते. मदत म्हणूनच करत होते. पण माझा जोक, शेवट मलाच करू दे ना. मी थांबलो तर थांबा. पाच सेकंद लागले तर पाच सेकंद. उलट त्या थांबण्यात हॉल माझ्याकडं ओढला जातो, दोन जोक मी मुद्दाम तसेच लिहिले होते, तेच वाया गेले.

रंगपटवाला

नील, हे फार महत्त्वाचं आहे. कुठल्याही रोस्टमधे मला विचाराल तर मोठी टाळी तिथंच राखून ठेवावी. आणि मी लाईटवाला म्हणून सांगतो, त्या वेळी हॉलचे दिवे लावायला सांगू नका, दिवे लागले की लोक उठतातच.

मिरजकर_तबला

पण शांततेचं मला अजून पटलेलं नाही. शंभर माणसांत नव्वद गप्प बसले आणि दहांनी शिट्ट्या मारल्या तर ऐकू दहाच येणार ना. नव्वदांनी काय करायचं?

दत्ता_आष्टेकर

आमच्या टेबलावर मी एकाला मांडीवर हात ठेवून थांबवू शकतो. बाकीच्या टेबलांचं सांगता येत नाही.

भडंगप्रेमी, विश्रामबाग

सगळ्यांचे आभार. मैत्रिणीला विचारलं, तिनं तीन विषय नको म्हणून कागदावर लिहून दिले, निवेदकाला दिलेत. तिच्या आईला पुढच्या रांगेत बसवणार नाही, बाजूच्या टेबलावर तिच्या बहिणींबरोबर बसवतेय, आणि आज काय होणार आहे ते आईंना आधीच सांगितलंय. मागच्या टेबलावरच्या शिट्टीवाल्याला यंदा रोस्टर केलंय, त्याची पण काढली जाणार आहे, बघू. मोबाईलचं अजून ठरलं नाही, निम्मे लोक ऐकायला तयार नाहीत. आणि नील, जेवण साडेनऊला सांगितलं होतं, केटररला आत्ता फोन करून सव्वादहा करते, तोपर्यंत ताटं बाहेर काढायची नाहीत म्हणून पण सांगते.